वाट बघते की बघतो: दुभाषीच्या कथेत बदल कुठे ठेवायचा

प्रश्न: मी एक लघुकथा लिहिली आहे. केतकी पुण्यातली जपानी भाषेची दुभाषी आहे. मोरिता चाकणच्या कारखान्यातला जपानी इंजिनियर आणि राधिका तिथेच अकाउंट्समध्ये. त्या दोघांचं प्रेम आहे, आणि केतकीलाही मोरिता आवडतो. त्यांच्यात भाषांतर करताना ती हळूहळू शब्द मवाळ करते, मग स्वतःचं काहीबाही मिसळते. तिघांना वाचायला दिली. तिघेही म्हणाले की कल्पना छान आहे, पण पटत नाही. केतकी नुसती खोटारडी वाटते, आणि ती नेमकं काय बदलते हेच कळत नाही. कुठे चुकतंय?

उत्तर:

वाचकाला बदल कळत नाही, कारण बदलण्याआधी ती कसं बोलायची हे त्याने ऐकलेलंच नाही. कथा सुरू झाल्या झाल्या केतकी शब्द फिरवायला लागत असेल, तर वाचकाकडे मोजायला पट्टीच नसते. म्हणून पहिल्या दोन-तीन देवाणघेवाणी अगदी चोख ठेवा, आणि विषयही साधे घ्या: जेवण, रजा, कामाचा ताण. मोरिता काय म्हणाला ते निवेदनात सरळ मराठीत लिहा आणि त्याखाली केतकीचं बोलणं द्या. असं:

मोरिता म्हणाला की प्रेस लाइन बंद पडली होती, दोन रात्री कारखान्यातच गेल्या, म्हणून फोन करता आला नाही.
"तो म्हणतोय, प्रेस लाइन बंद होती. दोन रात्री तिथेच गेल्या, म्हणून फोन जमला नाही."

दोन्ही ओळी जवळजवळ सारख्या आहेत, आणि इथे तेच हवं आहे. दोनदा असं झालं की वाचकाला सवय लागते: वरची ओळ मोरिताची, खालची केतकीची. तिसऱ्या-चौथ्या वेळी खालची ओळ जरा सरकली की कुणी न सांगता तो थबकतो. 'केतकीने मुद्दामच शब्द बदलला' असं वाक्य तुमच्या कथेत असेल तर ते काढा. अशी वाक्यं कथेत घालावी लागत असतील, तर त्याचा अर्थ ही सवय लावायची राहून गेली आहे. दोन हजार शब्दांच्या कथेत पहिले पाच-सहाशे शब्द या चोख भाषांतरावर गेले तरी ते वाया जात नाहीत.

आता ती काम कसं करते ते. अशा खाजगी बोलण्यात दुभाषी मागोमाग बोलते. एकजण दोन-चार वाक्यं बोलून थांबतो, मग ती सांगते. कानाला हेडफोन लावून एकाच वेळी ऐकत बोलण्याचा प्रकार परिषदांमधला, बाकावर बसलेल्या तिघांमधला नव्हे. तिच्या मांडीवर छोटी वही असते, पण तीत वाक्यं नसतात. नावं, आकडे, तारखा आणि 'पण', 'म्हणून', 'तरी' असे सांधे, बाणांनी आणि खुणांनी जोडलेले, एवढंच. बाकीचं डोक्यात राहतं. कथेला हे उपयोगी आहे, कारण आकडा वहीत असतो आणि भावना वहीत नसते. बदल करायला जागा मिळते ती वहीत नसलेल्या भागातच.

याला दुसरीही बाजू आहे. तारीख, गाव, विमानाची वेळ केतकीला बदलू देऊ नका. विमान कधीचं आहे हे राधिकाला तिकिटावरून कळणारच, आणि मग कथा पकडलं जाण्याची होते. फिरवायचं असेल तर विशेषण, क्रियापदाचं शेपूट, वाक्याचा सूर. राधिकाला चार महिन्यांनीही त्याचा पत्ता लागणार नाही.

नजरेकडेही लक्ष द्या. जाणती दुभाषी बोलताना वहीकडे बघते, म्हणजे ते दोघं आपोआप एकमेकांकडे बघत राहतात. तिने डोळे वर केले की बोलणारा तिच्याकडे बघून बोलायला लागतो. हे बरेचदा घडतं. तुमच्या कथेत केतकीची नजर पहिल्या भागात खाली असू द्या. ती कधी वर गेली हे एकदाच, जाता जाता लिहा. तिचं मन कुठे आहे हे सांगायला तेवढं पुरतं. बालपण, एकटेपणा, मोडलेलं लग्न यांतलं काही लागणार नाही.

कथा खोटी वाटण्याचं आणखी एक कारण वाचक बोलून दाखवत नाहीत: यांना दुभाषी लागतेच कशाला? एवढे दिवस प्रेम केलं ते कोणत्या भाषेत? त्याचं उत्तर एका वाक्यात द्या. एरवी त्यांचं मोडक्या इंग्रजीत चालतं. चहा, सिनेमा, 'रीच्ड होम', 'व्हेरी टायर्ड' यांना तेवढं पुरतं. पण परत येणार का हे राधिकाला मोडक्या इंग्रजीत विचारायचं नाही. हा प्रसंग मार्चमध्ये ठेवा. जपानी कंपन्यांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, बदल्या त्याच सुमारास होतात, आणि माणसाला त्या थोडे आठवडे आधी कळतात. म्हणजे निरोपासाठी मुद्दाम काही घडवून आणायला नको, कॅलेंडरच ते घडवतं. जागा म्हणून सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान चालेल. ते ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. मात्र वापरलंत तर त्याच्या जपानीपणावर एक शब्दही लिहू नका. पाणी, दगड, कठडा एवढंच दाखवा.

यापुढचं सगळं व्याकरणाचं आहे, आणि या कथेचा जीव त्यातच आहे.

दुभाषीने प्रथमपुरुषात बोलायचं, हा धंद्याचा पहिला नियम. समोरचा 'मी दमलोय' म्हणाला तर तिनेही 'मी' म्हणायचं, 'तो म्हणतोय की तो दमलाय' असं नाही. पण मराठीत बाईने पुरुषाचं बोलणं 'मी'ने सांगायचं तर लगेच अडतं: 'दमलोय' म्हणायचं की 'दमलेय'? इंग्रजीत हा प्रश्न येत नाही, जपानीतही येत नाही. मराठीत मात्र क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग सांगून टाकतं. ठरवून 'दमलोय' म्हणता येतं, पण प्रेमाच्या गोष्टींत तसं बोलताना जीभ अडखळते. म्हणून केतकीने सुरुवातीला 'तो म्हणतोय' याचा आडोसा घेणं अगदी स्वाभाविक आहे. नियमाने ते कच्चं काम, पण माणूस म्हणून सभ्य. तुमच्या कथेत तिला इथूनच सुरू करा.

मराठीत लिंग लपवायच्या वाटाही आहेत, आणि त्या ठाऊक असल्या की कथा हातात येते. भविष्यकाळ कोरा असतो: 'मी येईन' बाई म्हणेल, पुरुषही म्हणेल. 'मला वाटतं', 'मला आवडतं', 'मला जमलं नाही' यांतही बोलणाऱ्याचं लिंग नाही. सकर्मक भूतकाळातही बहुतेकदा नाही: 'मी पत्र लिहिलं', 'मी तुला पाहिलं'. ते उघडं पडतं 'मी थांबलो', 'मी विसरले', 'मी बघतो', 'मी जाते' अशा ठिकाणी. म्हणजे केतकीला मोरिताचा 'मी' तोंडात घ्यायचा आणि तरी कुणाचंच व्हायचं नाही असं ठरवलं, तर बराच वेळ ती कोऱ्या रूपांवर निभावून नेऊ शकते. शेवटी एका जागी तिचा तोल जातो आणि 'बघेन' म्हणण्याऐवजी ती 'बघते' म्हणते. सगळी कथा त्या एका शेपटावर तोलता येते.

इथेच एक सांगून ठेवते. केतकी कोल्हापूरकडची असेल तर हे चालणार नाही. तिकडे बायकाही 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात, आणि तिकडच्या वाचकाला 'बघतो'त काहीच खटकणार नाही. तिचं गाव आत्ताच ठरवा आणि तिची बोली पहिल्या पानावर एकदा ऐकू द्या.

जपानीच्या बाजूलाही असाच एक खिळा आहे, आणि त्याची जागा वेगळी आहे. जपानी वाक्यात कर्ता बहुतेकदा नसतोच. 'मात्तेइमास' म्हणजे 'वाट बघणं चालू आहे'. कोण बघतंय ते संदर्भाने समजायचं, आणि लिंग तर नाहीच. पण मनातल्या गोष्टींबाबत जपानी भाषा कडक आहे. 'साबिशिइ', म्हणजे 'एकटं वाटतंय', हे नुसतं म्हटलं तर ते बोलणाऱ्याचंच होतं. दुसऱ्याला एकटं वाटतंय असं सांगायचं तर शेवटी काहीतरी जोडावं लागतं: 'तसं दिसतंय', 'तसं ऐकलं', किंवा 'तो इत्तेइमास', म्हणजे 'असं म्हणतेय'. दुसऱ्याच्या मनात शिरून परस्पर बोलायची ती भाषा मुभा देत नाही. म्हणून मराठीतला 'तो म्हणतोय' आणि जपानीतला 'तो इत्तेइमास' हे केतकीचे दोन आडोसे आहेत. दोन्ही सुरुवातीला जागेवर हवेत, म्हणजे ते गळून पडतील तेव्हा ऐकू येतील.

वाचकाला हे समजावायचं कसं? परिच्छेद घालून नाही. पहिल्या चोख भागात एकदा राधिकेलाच विचारू द्या: "प्रत्येक वाक्याच्या शेवटी तू ते तो-इत्ते-काय म्हणतेस ते काय गं?" आणि केतकी सांगेल: "'असं ती म्हणतेय.' नाहीतर त्याला वाटेल मीच म्हणतेय." दोघी हसतील. तेवढं पुरे. ही ओळ हसण्यात गेली की वाचक ती विसरतो, आणि शेवटी त्याला तीच आठवते.

आता प्रत्यक्ष बदल. माझ्या मते मोजकेच पुरेत, आणि ते एकातून एक निघाले पाहिजेत. केतकी खोटारडी वाटते, याचं कारण तुमच्याकडचे बदल सुटे आहेत: इथे एक गोड शब्द, तिथे एक टोमणा गाळलेला. खऱ्या कामात एक वाक्य सरकलं की त्याचं देणं पुढच्या वाक्यावर चढतं, कारण समोरचा उत्तर देतो ते तुम्ही सांगितलेल्या गोष्टीला, मूळ गोष्टीला नाही. ते उत्तर पहिल्या माणसाला जसंच्या तसं सांगितलं तर जुळत नाही. मग तेही सरकवावं लागतं. बैठकीत भाषांतर चुकलंय हे जाणत्या माणसाला असंच कळतं: शब्द समजत नसले तरी प्रश्न आणि उत्तर एकमेकांना लागत नाहीत हे दिसतं. तुमच्या कथेला पुढे ढकलणारं बळ हेच आहे.

पहिला बदल मवाळ करण्याचा. राधिका म्हणते:

"तुझ्या बदलीचं मला डिपार्टमेंटमधल्या बाईंकडून कळलं. सगळ्यांसमोर. लाज वाटली मला."

जपानीत 'लाज वाटली' म्हणायला शब्द आहे, अडचण भाषेची नाही. अडचण ही की मोरिता खाली मान घालून बसलाय आणि केतकीला त्याला आणखी खाली पाडायचं नाही. ती सांगते: अचानक दुसऱ्यांकडून कळलं, त्यामुळे एकटं वाटलं. 'साबिशिकात्ता' म्हणते. आणि वाक्य लांबलं म्हणून असेल किंवा आणखी कशाने, शेवटचं 'तो इत्तेइमास' राहून जातं. निवेदनात एवढंच लिहा: 'शेवटचं शेपूट राहून गेलं.' लाजेऐवजी एकटेपणाच तिच्या तोंडात का आला, याबद्दल अक्षर लिहू नका.

दुसरं पाऊल लगेच येतं, आणि ते टाळणं तिच्या हातात नाही. मोरिताने 'एकटं वाटलं' ऐकलंय, म्हणून त्याचं उत्तर एकटेपणाला आहे: जाईपर्यंत रोज संध्याकाळी भेटू. हे जसंच्या तसं राधिकाला सांगितलं तर? तिची चारचौघांत शोभा झालीय आणि हा 'रोज भेटू' म्हणतोय. तिला वाटेल त्याने ऐकलंच नाही. म्हणून केतकीला सांधा भरावा लागतो:

"चुकलं माझं. तुला आधी सांगायला हवं होतं. जाईपर्यंत रोज भेटू."

पहिली दोन वाक्यं मोरिताने उच्चारलेलीच नाहीत. तिसरं चोख आहे. आणि 'तो म्हणतोय' गेलं, 'माझं' आलं. 'चुकलं माझं' यात लिंग नाही, त्यामुळे कानाला काहीही खटकत नाही. गंमत बघा, नियमाने बघितलं तर आता ती बरोबर काम करते आहे, प्रथमपुरुषात. बोलण्याची रीत पक्की होत चालली आणि मजकूर सुटत चालला. हे दोन्ही एकाच ओळीत घडतंय म्हणून ती ओळ कथेत सांभाळून ठेवा. शिवाय वाचकाला इथे केतकी खोटारडी वाटणार नाही. तिने दोघांमधली फट बुजवली, एवढंच त्याला दिसेल. ती फट तिनेच पाडली होती हे त्याला नंतर आठवेल.

आता राधिका मूळ प्रश्नावर येते: परत येशील का? मोरिता बराच वेळ गप्प राहतो आणि म्हणतो, "चोत्तो मुझुकाशिइ."

शब्दाला शब्द लावला तर 'जरा अवघड आहे'. पण जपानीत अशा प्रश्नाला हे उत्तर म्हणजे 'नाही'. समोरच्याला नकाराचा चटका बसू नये म्हणून दिलेला नकार. कारखान्यात ग्राहकाच्या मागणीवर जपानी व्यवस्थापक 'मुझुकाशिइ' म्हणाला, की चांगली इंटरप्रिटर मराठी बाजूला हळूच सांगते: हे होणार नाही. न सांगितलं तर मराठी माणूस पुढचे दोन आठवडे प्रयत्न करत बसतो, कारण आपल्याकडे 'अवघड आहे' म्हणजे 'जोर लावला तर होईल'. केतकीला हे माहीत आहे. पहिल्या चोख भागात तिने एकदा असं सांगितलेलं दाखवा, कारखान्यातल्या कुठल्याशा डायच्या तारखेवरून. आता ती राधिकाला म्हणते:

"जरा अवघड आहे."

एकही शब्द बदललेला नाही. कुणी तपासायला बसलं तरी चूक सापडणार नाही. आणि सगळ्या कथेतलं सर्वांत मोठं लपवणं हेच आहे. मवाळ करणं म्हणजे गोड शब्द घालणं, असा समज लेखकांचा असतो. प्रत्यक्षात शब्दशः भाषांतर हा दुभाषीचा सर्वांत सुरक्षित आडोसा असतो. राधिकाचा चेहरा उजळतो. "अवघड म्हणजे अशक्य नाही ना?" हे ती मोरिताला विचारत नाही, केतकीला विचारते. इथे केतकीची नजर वहीवरून उठलेली असू द्या. ती उत्तर देत नाही, 'त्याला विचारू का?' एवढंच म्हणते, आणि राधिका म्हणते, "नको."

तो 'नको' जपून ठेवा. राधिकालाही पूर्ण भाषांतर नकोच आहे, हे वाचकाला कळायला तेवढं पुरतं. दोष एकटीच्या माथी राहत नाही.

मोरिता उठताना म्हणतो, "गेन्कि दे इते कुदासाइ." म्हणजे 'नीट राहा, तब्येत सांभाळ'. पुन्हा भेटायचं असेल तर जपानी माणूस 'माता' म्हणतो, 'पुन्हा'. 'गेन्कि दे' हा लांबच्या निरोपाचा शब्द आहे. वाचकाला हे सांगायला निवेदनात एक ओळ चालेल: 'त्याने माता म्हटलं नाही.' आणि केतकी राधिकाला सांगते:

"नीट राहा. मी वाट बघते."

पहिला भाग चोख. दुसरा भाग अख्खा तिचा. मोरिताचा म्हणून सांगायचा तर 'बघेन' सहज म्हणता आलं असतं. जपानीतून येणाऱ्या दुभाषीच्या तोंडी तेच आधी येईल. 'बघतो'ही चाललं असतं. 'बघते' म्हणायची सक्ती कुणाची नव्हती. या वाक्याभोवती काहीही ठेवू नका: थरथरता आवाज नको, डोळ्यांत पाणी नको, 'तिला स्वतःलाच ऐकू आलं' तर नकोच. छपाईत 'बघतो' आणि 'बघते' यांत फरक फक्त एका कान्याचा आहे. तो डोळ्यांना दिसायला आजूबाजूला मोकळी जागा लागते.

राधिकेने तो फरक पकडायचा का? बरेच लेखक इथे तिला "बघतो म्हणायचं होतं ना?" असं विचारायला लावतील. त्याने धक्का बसतो, पण मग कथा तिथेच संपते, आणि केतकीला कबुली द्यावी लागते किंवा खोटं बोलावं लागतं. दोन्ही वाटा आपल्याला पाठ आहेत. मला वाटतं राधिका ते ऐकून घेते, किंवा ऐकत नाही, आणि तिच्या तोंडून तेच रूप येतं:

"मीपण वाट बघते."

तिच्या तोंडी 'बघते' अगदी बरोबर आहे. शेजारी शेजारी दोन 'बघते' आले, एक हक्काचं आणि एक नाही. नजरेतून पहिलं सुटलेला वाचक दुसऱ्याने मागे फिरतो.

आणि आता केतकीला हे जपानीत सांगायचंय. देणं पुन्हा दारात उभं आहे. 'मीपण' सांगता येत नाही, कारण मोरिताने वाट बघतो असं म्हटलेलंच नाही. त्याने 'पण' ऐकलं तर तो विचारेल, आणखी कोण? म्हणून 'पण' गाळायलाच हवा. 'पण' गेला की जपानीत 'मी'ची गरज उरत नाही, वाक्य कर्त्याशिवाय पुरं होतं. आणि 'तो इत्तेइमास' तर मघाशीच गळून पडलंय. उरतं ते:

"मात्तेइमास."

राधिकेचं वाक्य होतं, त्यातून फक्त राधिका गळली. जपानीच्या नियमाने हे वाक्य आता बोलणाऱ्याचं आहे, आणि बोलणारी मोरिताकडे बघते आहे.

या भागात जपानी शब्द किती वापरायचे, तर मोजके. तो इत्तेइमास, साबिशिकात्ता, मुझुकाशिइ, गेन्कि दे आणि माता, मात्तेइमास: एवढ्यात भागतं. 'सुकि' आणि 'आइशितेरु' टाळा. जपानी कार्टून बघणाऱ्या शाळकरी मुलांनाही ते माहीत असतात, आणि मोरिता 'सुकि' म्हणाला तर राधिकेला दुभाषीची गरज उरत नाही. 'आज चंद्र सुंदर आहे' म्हणजे जपानीत प्रेमाची कबुली, हा इंटरनेटवर फिरणारा किस्साही घेऊ नका. तो एका मोठ्या जपानी लेखकाच्या नावावर सांगितला जातो, पण त्याच्या लिखाणात सापडत नाही. जपानी जाणणारा वाचक तिथेच पुस्तक मिटेल.

राधिका जपानी शिकते आहे असं तुम्ही दाखवलं असेल तर पातळी नीट ठरवा. जपानी भाषेच्या परीक्षेला पाच पातळ्या आहेत, एन5 सर्वांत खालची, एन1 सर्वांत वरची. केतकीसारखं काम करायला एन2च्या पुढची तयारी लागते. राधिका एन5च्या वर्गाला जात असेल तर तिला आकडे, वार, 'जाणं', 'येणं', 'वाट बघणं' एवढं येईल. 'वाट बघणं' म्हणजे 'मात्सु', आणि 'मात्तेइमास' हे त्याचंच रूप. म्हणजे शेवटचा शब्द तिला कळू शकतो. ती मान डोलावेल, आपलं वाक्य बरोबर पोचलं म्हणून. त्यात 'वाताशि मो', म्हणजे 'मीपण', नव्हतं, हे त्या क्षणी तिच्या लक्षात येणार नाही. तिला वर्गाला पाठवायचं असेल तर याच्यासाठी पाठवा, पकडण्यासाठी नको.

तू-तुम्हीचं एक राहिलं. मोरिता तिला 'राधिका-सान' म्हणणार, तिसरं माणूस समोर असल्यामुळे आदराच्या रूपात बोलणार. केतकीने त्याचं मराठी 'तू' करायचं की 'तुम्ही', हा निर्णय तिला पहिल्या वाक्यालाच घ्यावा लागतो, आणि तो घेण्यात काही लबाडी नाही. प्रेमात आहेत म्हणजे 'तू', एवढाच विचार. पण लक्षात ठेवा, मोरिताच्या तोंडचा पहिला 'तू' केतकीने निवडलेला आहे. कथेत यावर थांबू नका, फक्त सगळीकडे 'तू' एकसारखा ठेवा. एका जागी चुकून 'तुम्ही' राहिलं तर वाचक ती मुद्दाम केलेली खूण समजेल आणि भलतीकडे शोधत बसेल.

शेवटच्या शब्दानंतर मोरिता काय करतो? तो कमरेत वाकतो, आणि नेमकं कुणाकडे बघून ते लिहू नका. वाकलेल्या माणसाची नजर जमिनीवर असते.